किंमत कमी केलीत? आधी घेऊन गेलेल्यांना काय लिहाल?

व्हिडिओत कॅप्शनचा विषय घाईत उरकला होता, म्हणून आज एकच मुद्दा नीट घेऊ. किंमत वाढवताना आपण दहा वेळा विचार करतो, पण कमी करताना एकदाही करत नाही. वाटतं, स्वस्त केलंय म्हणजे लोक खूशच होणार. नवीन गिऱ्हाईक होतंही. पण आठ दिवसांपूर्वी जुन्या भावाने घेऊन गेलेली बाई तुमचं स्टेटस बघते, तेव्हा तिला सवलत दिसतच नाही. तिला दिसतं, "माझ्याकडून चारशे जास्त घेतले."

तुमचा धंदा सोसायटी, भिशी, शाळेचा ग्रुप यातून वाढलेला असेल तर हे आणखी महागात पडतं. तुमची जुनी आणि नवी गिऱ्हाइकं एकमेकींना ओळखतात. हळदीकुंकवाला दोघी शेजारी बसल्या आणि एकीने विचारलं, "तुला केवढ्याला पडली?" की झालं.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्या घरून शिवलेली नऊवारी विकतात. त्यांची परवानगी आहे, नाव तेवढं देत नाही. एका नऊवारीचा भाव होता २४०० रुपये. त्या कापड पाच-सहा नगांनी आणायच्या, ते नगाला १२५० ला पडायचं. शिलाई ३५०, आणि हुक, इलास्टिक, पॅकिंग मिळून १००. म्हणजे खर्च १७००, हातात ७००. नवरात्राच्या आधी त्यांनी धाडस करून एकदम साठ नगांचं कापड उचललं, ते ९५० ला मिळालं. खर्च १४०० वर आला. त्यांनी ठरवलं की २५ सप्टेंबरपासून भाव २००० करायचा. हातात ६०० राहतात, पण नग जास्त जातील.

हिशेब चोख आहे. पण त्यांनी लिहून ठेवलेलं कॅप्शन असं होतं:

"धमाका!!! २४०० ची नऊवारी आता फक्त २००० मध्ये! इतक्या कमी किमतीत कुठेच नाही! आता सगळ्यांना परवडेल!"

हे कॅप्शन जुन्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी वाचा. "फक्त २०००" म्हणजे वस्तू दोन हजारांचीच होती. "आता सगळ्यांना परवडेल" म्हणजे आधी आपण परवडू नये असा भाव लावला होता. कारण कुठेच नाही, त्यामुळे कारण तीच ठरवणार, आणि माणूस अशा वेळी आपल्या बाजूचं कारण ठरवत नाही. शिवाय तिसरा एक प्रश्न तिच्या मनात येतोच: भाव उतरला म्हणजे माल हलका आणला का? हा प्रश्न नवीन गिऱ्हाइकालाही पडतो, पण जुनं गिऱ्हाईक तो दुसऱ्यांना बोलून दाखवतं.

म्हणून जुन्यांना जायचं कॅप्शन वेगळं असतं. त्यात तिला तीन गोष्टी कळायला हव्यात: तेव्हा घेतलेले पैसे तेव्हाच्या खर्चाला धरून होते, आता भाव का उतरला, आणि "मी तर परवाच घेतली, माझं काय?" याचं उत्तर. पहिल्या दोन गोष्टी दोन वाक्यांत होतात. खरं काम तिसऱ्यात आहे, आणि ते लिहायला बसण्याआधी वहीत करायचं असतं.

आधी तारीख ठरवा

फरक सगळ्यांना परत द्यायचा का? ताईंनी जूनपासून ७४ नऊवाऱ्या विकल्या होत्या. ७४ गुणिले ४०० म्हणजे २९,६००. नव्या भावात एका नगाला ६०० सुटतात, म्हणजे जवळजवळ पन्नास नगांचा नफा नुसता परत करण्यात जाईल. आणि जूनमध्ये घेतलेली बाई तशी अपेक्षाही करत नाही. तिने ती नऊवारी मंगळागौरीला नेसली, गौरीला नेसली, फोटो काढले. तिच्या पैशाचं चीज झालेलं आहे. दुखतं ते नुकतीच घेतलेल्यांना, विशेषतः जिने अजून घडीही मोडलेली नाही.

मग किती दिवस मागे जायचं? बरेच जण सरळ "शेवटचे पंधरा दिवस" किंवा "शेवटचा महिना" असं लिहून टाकतात. माझा सल्ला वेगळा आहे. आकडा डोक्यातून काढू नका, बिलबुक उघडा आणि विक्री कुठे दाटलेली आहे ते बघा. ताईंच्या वहीत २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर या दोन आठवड्यांत ४१ नग होते, सगळे गौरी-गणपतीचे. ८ आणि ९ तारखेला एकही नाही, कारण शिवायला तीन-चार दिवस लागतात आणि त्या वर्षी गौरी १० तारखेला होत्या. त्यानंतर २४ तारखेपर्यंत ९ नग, ते नवरात्रासाठी.

आता समजा त्यांनी सरळ तीन आठवडे मागे जाऊन ४ सप्टेंबर ही तारीख ठरवली असती. रेषा बरोबर गर्दीच्या मधून गेली असती. ३ तारखेला घेतलेल्या बाईला शून्य आणि ५ तारखेच्या बाईला चारशे, आणि दोघी एकाच बिल्डिंगमध्ये. एका सवलतीतून नवीन भांडण उभं राहिलं असतं. त्याऐवजी रेषा १० तारखेला, गौरीच्या दिवशी ओढली. तिच्या अलीकडे दोन दिवस कोणीच नाही, त्यामुळे "माझं एका दिवसाने हुकलं" म्हणणारं कोणी उरत नाही. आणि ही तारीख लोकांना समजावून सांगता येते: गौरीसाठी घेतल्या त्या जुन्या भावात, नवरात्रासाठी घेतल्या त्या नव्या भावात.

तुमच्या धंद्यात गौरी नसतील. शाळा सुरू होण्याचा दिवस असेल, लग्नसराईचा शेवट असेल, नवा माल दुकानात आला तो दिवस असेल. रेषा मोकळ्या जागेतून जायला हवी, एवढंच.

एक बारीक गोष्ट इथेच ठरवून टाका. तारीख कसली धरायची, ऑर्डरची की वस्तू हातात पडल्याची? जी गिऱ्हाइकाच्या बाजूची असेल ती धरा. एखादीने ६ तारखेला ऑर्डर दिली आणि काही कारणाने १२ ला मिळाली असेल, तर तिला १२ धरून फरक द्या. अशा केसेस एक-दोनच असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात चारशेहून जास्त जातं.

ज्यांचा ॲडव्हान्स घेतलाय पण माल अजून दिलेला नाही, त्यांचा तर प्रश्नच नको. ताईंकडे अशा चार ऑर्डरी होत्या, प्रत्येकी ५०० ॲडव्हान्स. त्यांच्याकडून बाकी १९०० ऐवजी १५०० घ्यायचे, आणि हे त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं.

तर नऊ जणींना पूर्ण फरक म्हणजे ३,६०० रुपये. सहा नगांचा नफा. हे ताईंना झेपणारं होतं. तुम्हाला पूर्ण फरक झेपत नसेल तर अर्धा द्या, पण अर्धा आहे हे सरळ लिहा.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ॲपलचा पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला विक्रीला आला. ८ जीबीच्या फोनची किंमत ५९९ डॉलर होती, ती ५ सप्टेंबरला ३९९ केली. म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत दोनशे डॉलर खाली. ज्यांनी पहिल्या दिवशी रांग लावून घेतला होता तेच सगळ्यात जास्त चिडले. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्स यांना गिऱ्हाइकांसाठी जाहीर पत्र लिहावं लागलं, आणि ज्यांना दुसरी कुठली भरपाई मिळत नव्हती त्यांना १०० डॉलरचं स्टोअर क्रेडिट दिलं. फरकाच्या निम्मं, तेही ॲपलमध्येच खर्च करायचं. मला यात रक्कम महत्त्वाची वाटत नाही, क्रम महत्त्वाचा वाटतो. पत्र भाव उतरवल्यानंतर आलं. आपल्याकडे नऊ गिऱ्हाइकं आहेत, आपण आदल्या दिवशी सांगू शकतो.

आता लिहू

नऊ जणींना एकेकीला वेगळा मेसेज. स्टेटस नाही, ग्रुप नाही. ताईंचा शेवटी ठरलेला मेसेज असा:

"नमस्कार ताई. तुम्ही १७ तारखेला आपल्याकडून नऊवारी घेतलीत. २५ तारखेपासून तिचा भाव २४०० वरून २००० होतोय. बाहेर सांगायच्या आधी तुम्हाला सांगतेय. या वेळी पहिल्यांदाच कापड एकदम जास्त घेतलं, म्हणून ते स्वस्त पडलं. कापड तेच, शिलाई तीच. तुमचे ४०० रुपये माझ्याकडे जमा आहेत. परत हवे असतील तर 'परत' लिहा, आजच पाठवते. पुढच्या खरेदीत वळते करायचे असतील तर 'जमा' लिहा."

यातलं पहिलं वाक्य बघा. तारीख आणि वस्तू. यावरून तिला कळतं की हा मेसेज शंभर जणांना ढकललेला नाही, माझं बिल बघून लिहिलाय. फोनवर मेसेज आला की वर पट्टीत सुरुवातीचेच काही शब्द दिसतात, म्हणून तिथे "खुशखबर" घालू नका. ती तिच्यासाठी खुशखबर नाहीच.

"जमा आहेत" हे शब्द मी मुद्दाम सुचवले. "तुम्हाला ४०० ची सवलत देतोय" असं लिहिलं की आपण दाते आणि ती घेणारी होते. "तुमचे पैसे माझ्याकडे आहेत" म्हटलं की हिशेब बरोबरीचा राहतो. आणि परत की जमा, हे तिने ठरवायचं. फक्त जमाच ठेवलं तर ती नाइलाजाने पुन्हा खरेदीला येईल, आणि नाइलाजाने आलेलं गिऱ्हाईक तुम्हाला नको आहे.

कारण सांगताना किती उघड करायचं? "कापड १२५० ऐवजी ९५० ला मिळालं" असं ताईंनी आधी लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. खरेदीचा भाव एकदा बाहेर गेला की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी घासाघीस तिथून सुरू होते. शिवाय कापडात तीनशे वाचले आणि भाव चारशेने उतरला, वरचे शंभर त्यांनी स्वतःच्या नफ्यातून सोडले, हे समजावत बसावं लागेल. "एकदम जास्त घेतलं, स्वस्त पडलं" एवढं पुरतं, आणि ते खरं आहे.

खरं असणं इथे गरजेचं आहे. समजा तुमचं कारण असं नसेल. समोरच्या दुकानाने भाव पाडला म्हणून तुम्ही पाडलात. मग "कंपनीकडून स्वस्त आलं" अशी थाप मारू नका, समोरचा दुकानदारच ती उघडी पाडेल. "बाजारभाव बघून आम्ही किंमत नव्याने ठरवली आहे" एवढं लिहा आणि लगेच फरकाच्या ओळीवर या. कारण जितकं साधं, तितकी फरकाची ओळ ठळक ठेवावी लागते.

आता बाकीच्या ६५ जणी. त्यांना पैसे द्यायचे नाहीत, पण त्यांना वगळायचंही नाही. त्यांच्यासाठी आम्ही शोधत होतो असं काहीतरी, जे फक्त आधी घेतलेल्यांनाच उपयोगी पडेल. पुढच्या खरेदीवर दहा टक्के वगैरे नको. ते सगळेच देतात, आणि त्याचा अर्थ "आणखी पैसे खर्च करा" असाच होतो. ताईंनाच सुचलं: शिवलेल्या नऊवारीचं इलास्टिक काही महिन्यांनी सैल पडतं आणि हुक निघतात. ते एकदा मोफत बदलून द्यायचं. सामान तीसेक रुपयांचं आणि वेळ पंधरा मिनिटांचा. वीस जणी आल्या तरी सहाशे रुपये. त्यांचा मेसेज:

"नमस्कार ताई. तुम्ही आपल्याकडून नऊवारी घेतलेली आहे, म्हणून हे आधी तुम्हाला कळवतेय. कापड एकदम जास्त घेतल्यामुळे २५ तारखेपासून नवीन नऊवारी २००० ला मिळेल. कापड आणि शिलाई तुमच्या नऊवारीचीच. तुमच्या नऊवारीचं इलास्टिक सैल झालं असेल किंवा हुक निघाले असतील तर दिवाळीपर्यंत कधीही आणा, एकदा मोफत बदलून देईन."

हा मेसेज ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवता येतो. फक्त लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. बाकीच्यांना एकेक पाठवावा लागेल. पोचला की नाही ते दुसऱ्या दिवशी बघा, नाहीतर ज्यांना आदर दाखवायचा होता त्यांनाच स्टेटसवरून कळायचं.

आणि मग २५ तारखेला सगळ्यांसाठीचं कॅप्शन. जुन्या गिऱ्हाइका तेही वाचणार आहेत, म्हणून त्यात त्यांची एक ओळ हवी:

"शिवलेली नऊवारी, आजपासून २००० रुपये (आधी २४००). नवरात्रासाठी कापड एकदम जास्त घेतलं, म्हणून भाव कमी. कापड आणि शिलाई नेहमीचीच. १० सप्टेंबरनंतर ज्यांना नऊवारी मिळाली त्यांना फरकाबद्दल कळवलेलं आहे. कोणी राहिलं असेल तर बिलाचा फोटो पाठवा."

शेवटच्या ओळीचा फायदा नवीन गिऱ्हाइकालाही होतो. तिला दिसतं की उद्या भाव उतरला तर ही बाई आपल्यालाही विचारेल. किमतीवर काट मारून मोठ्या लाल अक्षरात नवी किंमत टाकायची सवय मात्र इथे सोडा. ती काट जुन्या बिलावर मारल्यासारखी दिसते.

सरकारने कर कमी केला असेल तर

हा प्रकार वेगळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा अनेक दुकानदार गोंधळले होते. स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करासकट ११२० रुपयांचं पातेलं त्या दिवसापासून १०५० चं झालं. आदल्या दिवशी घेतलेल्या गिऱ्हाइकाने सत्तर रुपये मागितले तर? तो कर तुम्ही त्याच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा असतो. तुमच्या खिशात तो राहिलेला नाही, त्यामुळे फरक देणं तुमच्यावर नाही. पण गिऱ्हाइकाला हे आपोआप कळत नाही. कॅप्शनमध्ये दोन्ही बिलांचं गणित दाखवा: "मूळ किंमत १००० तीच आहे. २१ तारखेपर्यंत त्यावर १२० कर होता, २२ पासून ५० आहे." मूळ किंमत तीच, हे दिसलं की वाद संपतो. अट एवढीच की ती खरोखर तीच असावी. कर उतरताना मूळ किंमत गुपचूप वाढवली असेल तर हे कॅप्शन लिहू नका.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी आणखी एक बघावं. जमा रक्कम पुढच्या बिलात डिस्काउंट म्हणून दाखवणं सोपं असतं. जुन्या बिलावर पैसे परत करायचे असतील तर क्रेडिट नोटचा प्रश्न येतो, ते आपल्या सीएला आधी विचारा आणि मगच 'परत'चा पर्याय लिहा.

मग उत्तरं येतील

ताईंना नऊपैकी सहा जणींनी 'जमा' लिहिलं, दोघींनी 'परत'. एकीने काहीच लिहिलं नाही, तिचे ताईंनी वहीत जमा धरले. 'परत' लिहिणाऱ्यांना दहा मिनिटांत पैसे गेले पाहिजेत. इथे उशीर झाला की आधीचं सगळं लिहिलेलं पाण्यात.

रेषेच्या पलीकडूनही एक मेसेज आला. "मी ५ तारखेला दोन घेतल्या होत्या, मला का नाही?" अशा वेळी लांब समजावू नका आणि गुपचूप पैसेही देऊ नका. एकीला गुपचूप दिलेत की उरलेल्या चाळीस जणींपर्यंत ते जातं, आणि तुमची तारीख तुम्हीच पुसता. ताईंनी लिहिलं: "ताई, तुमच्या दोन्ही नऊवाऱ्यांचं कापड जुन्या भावाचं होतं. गौरीनंतर दिलेल्यांनाच फरक देतेय, आणि ते सगळ्यांना सारखंच ठेवलंय. तुमच्या दोन्हींचं इलास्टिक-हुक मात्र माझ्याकडे." त्या बाईंचं उत्तर नुसतं "बरं" असं आलं. गोड नाही, पण पुढच्या आठवड्यात त्या दोन्ही नऊवाऱ्या घेऊन आल्या.

जमा ठेवलेल्या रकमांसाठी वहीत वेगळं पान करा: नाव, रक्कम, कधीची, वळती केल्याची तारीख. मुदत घालायची असेल तर ती मेसेजमध्येच घाला, नंतर नको. ताईंनी घातली नाही. सहांपैकी एकीचे चारशे अजून त्या पानावर आहेत.